सभेचे रेकॉर्डिंग आले, आता काय लिहायचे?

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा संपते. रात्री अकराच्या सुमारास सचिवांकडून एक ऑडिओ फाइल येते, एक तास पन्नास मिनिटांची. खाली एकच ओळ : ‘हे जरा लिहून द्या.’ फाइल कधी टायपिंग करणाऱ्या बाईंकडे जाते, कधी हिशेब पाहणाऱ्याकडे, कधी सोसायटीतल्याच ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ अशा कुणाकडे. ती ऐकून तीन अगदी वेगळे कागद तयार होऊ शकतात : बोललेले जसेच्या तसे उतरवलेले शब्दांकन, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, सभेचे इतिवृत्त, म्हणजे ज्याला सगळे मिनिट्स म्हणतात ते, आणि सारांश. यातला कोणता कागद हवा आहे, हे त्या ओळीतून कळत नाही. चुकीचा निवडला तर सगळी मेहनत वाया जाते.

गैरसमज : शब्दन् शब्द उतरवला की काम चोख. त्यात सगळे येतेच.

सगळे येते, पण सापडत नाही. मराठीत साधारण गतीने बोलले तरी मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. म्हणजे या रेकॉर्डिंगचे तेरा-चौदा हजार शब्द, छापील पस्तीस-चाळीस पाने. आवाज स्पष्ट असेल तर सरावाच्या माणसाला एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार तास लागतात. सोसायटीच्या सभेत तिघे एकदम बोलतात, मागे खुर्च्या सरकतात, कुणाचे तरी मूल रडते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. एवढे करून सचिवांना हवी असलेली गोष्ट, म्हणजे लिफ्टच्या खर्चाचा ठराव, सतराव्या पानावर ‘चला, पुढचा विषय’ या वाक्याच्या वर कुठेतरी दडलेली असते.

शिवाय शब्दांकनात भांडणेही येतात. कुणी रागाच्या भरात खजिनदारावर केलेला आरोप टाइप होऊन दीडशे सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की तो लेखी आरोप होतो. सभेत तो हवेत विरला असता.

शब्दांकन हवे असते ते नेमका शब्द महत्त्वाचा असतो तिथे : संशोधनासाठी घेतलेली मुलाखत, आजीच्या तोंडून ऐकलेला गावाचा इतिहास, एखाद्या कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी, किंवा सभेत कोण काय म्हणाले यावरूनच उभा राहिलेला वाद. तिथेही अडखळणे, ‘म्हणजे’, ‘ते काय’ यांसह सगळे उतरवायचे की वाक्ये वाचण्याजोगी साफ करायची, हे आधी विचारून घ्यावे. मुलाखत छापायची असेल तर साफ केलेली चालते, चौकशीत चालत नाही. आणि प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर नुसते टाइप केलेले शब्दांकन मूळ ध्वनिमुद्रणाची जागा घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा मूळ फाइल जपायचीच.

गैरसमज : इतिवृत्त म्हणजे शब्दांकनाची काटछाट.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. इतिवृत्त हे बोलण्याचे छोटे रूप नसते. सभेने काय ठरवले, त्याची ती नोंद असते. त्यामुळे वीस मिनिटांची चर्चा त्यात एका ओळीत मावते आणि चार सेकंदांत उरकलेला ठराव सात ओळी घेतो.

लोकसभेत हे वेगळेपण रोज दिसते. एकाच दिवसाच्या कामकाजाचे तिथे शब्दशः वृत्तान्त निघतात, चर्चेचा सारांश वेगळा निघतो आणि कामकाजाची त्रोटक नोंद ‘बुलेटिन भाग १’मध्ये येते. तिन्ही कागद एकाच बैठकीचे, पण एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत कायदा याहून स्पष्ट बोलतो. कंपनी अधिनियम २०१३च्या कलम ११८प्रमाणे इतिवृत्तात कामकाजाचा न्याय्य आणि अचूक गोषवारा हवा. अध्यक्षांच्या मते जे कुणाची बदनामी करणारे, अप्रस्तुत किंवा कंपनीच्या हिताला बाधक आहे, ते त्यात घ्यायचे नाही, असेही तेच कलम सांगते. गृहनिर्माण सोसायटीला हा कायदा लागू नाही. तिचा कारभार १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमावर आणि उपविधींवर चालतो. पण इतिवृत्त लिहिण्याची ही शिस्त तिथेही उपयोगी पडते.

आता लिफ्टचाच विषय घेऊ. रेकॉर्डिंगमध्ये एकावन्नाव्या मिनिटाच्या आसपास हे ऐकू येते :

‘लिफ्टचं कोटेशन साडेचार लाखांचं आलंय. टॅक्स धरून पाच एकतीस.’
‘मग ते दुरुस्ती फंडातून घ्या ना. परत आमच्याकडून कशाला?’
‘दुसरीकडून घेतलं का कोटेशन?’
‘तीन घेतलीत.’
‘हो, तुमच्या भाच्याचं धरून तीन!’ (गलका)
‘तीन कोटेशनांचा तक्ता सगळ्यांना द्या. माझी ही मागणी नोंदवा.’
‘ते देऊ. फंडातूनच करायचं ना? हात वर करा… बरं. झालं.’
‘मी सूचक, तीनशे दोन.’
‘अनुमोदन.’
‘चला, पुढचा विषय.’

शब्दांकनात हे असेच उतरेल. इतिवृत्तात मात्र साधारण असे येईल :

‘विषय क्र. ६ : लिफ्टची दुरुस्ती. तीन कोटेशने घेतल्याची माहिती सभेस देण्यात आली. एका सभासदाने तिन्ही कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता सभासदांना द्यावा अशी मागणी केली व ती नोंदवण्यास सांगितले. तक्ता देण्याचे मान्य करण्यात आले. ठराव : लिफ्टच्या दुरुस्तीसाठी रु. ४,५०,००० अधिक जीएसटी, एकूण रु. ५,३१,००० इतक्या खर्चास ही सभा मंजुरी देत आहे. हा खर्च दुरुस्ती निधीतून करावा. सूचक : सदनिका ३०२. अनुमोदक : [५२:४० – आवाज ओळखू आला नाही]. मतदान : [५२:१५ – हात वर, आकडा सांगितलेला नाही].’

भाचा गेला, तक्ता राहिला. नोंदवा असे सभासदाने सांगितलेली गोष्ट गाळणे हा इतिवृत्तातला मोठा दोष आहे. पुढे उपनिबंधकांकडे तक्रार गेली तर पहिले बोट तिथेच ठेवले जाते. म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना ‘नोंद करा’, ‘माझा विरोध लिहा’ असे शब्द आले की तिथली वेळ टिपून ठेवावी.

ठरावाची वाक्यरचना मात्र कुणाच्याच तोंडी नव्हती. ती लिहिणाऱ्याने जुळवली. हे चालते, पण मसुदा पाठवताना सचिवांना तसे कळवायला हवे, कारण सही त्यांची आणि अध्यक्षांची असणार आहे. ‘करसह’ की ‘कर वेगळा’, ‘दुरुस्ती निधी’ की नुसता ‘फंड’, यातला एखादा शब्द लेखापरीक्षणात प्रश्न उभा करू शकतो.

गैरसमज : रेकॉर्डिंग आहे म्हणजे काही सुटणार नाही.

वर केलेला हात ऐकू येत नाही. कोण उपस्थित होते, गणसंख्या भरली होती का, कोण मध्येच उठून गेले, हेही बऱ्याचदा फाइलमध्ये नसते, कारण ते सहीच्या रजिस्टरमध्ये असते. रेकॉर्डिंगही सभा सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी कुणाला तरी आठवून चालू केलेले असते. शांतता तर फसवीच. कुणी विरोध बोलून दाखवला नाही, एवढ्यावरून ‘सर्वानुमते’ लिहिण्याची सवय सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. कुणाचा तरी हात खाली राहिला असेल तर तो ठराव बहुमताने मंजूर झाला आणि तसेच लिहायला हवे. ऐकून ठरवता येत नसेल तर चौकटी कंसात जागा सोडावी, शेजारी वेळ लिहावी आणि सचिवांना विचारावे. अंदाजाने भरलेली रिकामी जागा ही सोडलेल्या जागेपेक्षा महाग पडते.

गैरसमज : वेळ नसेल तर इतिवृत्ताऐवजी सारांश द्यावा.

सारांश हा सभेला न आलेल्या माणसासाठी असतो. फ्लॅट पुण्यात, स्वतः बंगळुरात, अशा सभासदाला दोनच गोष्टी हव्या असतात : आपल्याला काय भरायचे आहे आणि काय बदलणार आहे. त्याच्यासाठी हे पुरते : ‘लिफ्टची दुरुस्ती ५.३१ लाखांत होणार. पैसे दुरुस्ती निधीतून, वेगळी वर्गणी नाही. तीन कोटेशनांचा तक्ता लवकरच मिळेल.’ सारांशात क्रम बदलता येतो, महत्त्वाचे वर आणता येते, ठरावाचे शब्द सैल करता येतात. नेमक्या याच मोकळीकीमुळे तो इतिवृत्त पुस्तकात चिकटवता येत नाही.

मग नुसते ‘लिहून द्या’ असेल तर? विचारावे, आणि विचारायचे तेही ‘तुम्हाला काय हवे’ असे मोघम नव्हे. ‘हे कोण वाचणार, आणि कुणाची सही होणार का?’ एवढे पुरते. सही होणार असेल तर इतिवृत्त, सवडीने वाचायचे असेल तर सारांश, कुणाच्या शब्दांवर वाद असेल तर शब्दांकन. उत्तर यायला उशीर होत असेल तर रेकॉर्डिंगच बोलते. सुरुवातीला विषयपत्रिका वाचली जाते, सूचक-अनुमोदक ऐकू येतात, तर ती सभा आहे आणि बहुधा इतिवृत्तच हवे आहे. एकजण विचारतो आणि दुसरा लांबलचक बोलतो, तर ती मुलाखत. एकटाच माणूस गाडीत बसून बोलतो आहे, तर त्याला स्वतःच्या मुद्द्यांचा सारांश हवा असण्याचीच शक्यता जास्त.

अंदाज चुकू शकतो. म्हणून पहिल्या ऐकण्यात कसलेच लेखन सुरू न करता नुसती वेळेची टिपणे काढावीत : ‘५१:०० लिफ्ट, खजिनदार, ५२:१५ हात वर, ५२:३५ सूचक ३०२’ अशी. रेकॉर्डिंग जेवढ्या लांबीचे, तेवढाच वेळ लागतो आणि तिन्हींपैकी काहीही लिहायचे ठरले तरी ही टिपणे वाया जात नाहीत. कागद पाठवताना वर एक ओळ असावी : ‘हे इतिवृत्ताचा मसुदा म्हणून लिहिले आहे. सहा जागी माहिती हवी आहे, तिथे वेळ दिली आहे.’

आणि मसुदा पाठवला म्हणून फाइल पुसायची नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवला जातो, त्यांच्या हरकती येतात आणि त्यानंतर समिती तो अंतिम करते. ‘मी असे म्हटलेच नव्हते’ हे पत्र याच मधल्या काळात येते.