टाकीच्या आत काय आहे?

९ नोव्हेंबर २०१०. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळ ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यात एका मोठ्या टाकीच्या माथ्यावर ठेकेदाराचा एक वेल्डर काम करत होता. सोबत त्याचा फोरमन होता. टाकीतलं मिश्रण ढवळणाऱ्या यंत्राचा, म्हणजे अ‍ॅजिटेटरचा, आधार झिजला होता. तो घासून, वेल्डिंग करून पक्का करायचा होता. काम नेहमीचंच होतं. हॉट वर्क परमिट काढलेलं होतं, त्यावर सह्या होत्या. काम सुरू होण्याआधी टाकीच्या वरची हवा गॅस मीटरने तपासली होती आणि तिथे ज्वलनशील वायू नव्हता.

थोड्या वेळाने टाकीच्या आतला वायू पेटला. स्फोटात टाकीचा माथा जवळजवळ पूर्ण उखडला गेला. वेल्डर जागीच गेला, फोरमन भाजला.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने या अपघाताचा तपास केला आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. मीटर खरं सांगत होता. टाकीच्या वर, मोकळ्या हवेत, खरोखरच वायू नव्हता. वायू टाकीच्या आत होता आणि आत मीटर कुणी घातलाच नव्हता.

वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग, जिथे ज्योत किंवा ठिणगी निर्माण होते अशा सगळ्या कामांना उद्योगात ‘हॉट वर्क’ म्हणतात. पेट घेणारा पदार्थ जवळ असू शकेल अशा जागी हे काम लेखी परवान्याशिवाय सुरू करायचं नाही, हा नियम. तो परवाना म्हणजेच परमिट. पेट्रोलियम उद्योगासाठी आपल्याकडे ओआयएसडी १०५ हे मानक आहे, ते याच वर्क परमिट पद्धतीचं आहे. पण बफेलोत परमिट असूनही माणूस गेला. म्हणून हा कागद नेमकं काय करतो आणि कुठे फसतो, हे त्या एका टाकीपाशी थांबूनच समजून घेऊ.

त्या कारखान्यात अशा तीन टाक्या होत्या. दुरुस्तीसाठी उत्पादन थांबवलं, दोन टाक्यांचं काम आटोपलं आणि त्या पुन्हा चालू केल्या. पहिल्या टाकीचं काम मागे राहिलं, म्हणून ती तेवढी बंद ठेवली. तिला येणारे मुख्य मार्ग बंद करून कुलपं लावली होती. मात्र टाकी काठोकाठ भरली तर जादा मिश्रण वाहून जावं यासाठी एक पाइप तिन्ही टाक्यांना जोडत होता. हा ओव्हरफ्लोचा पाइप उघडाच राहिला. चालू टाक्यांकडून व्हिनाइल फ्लोराइड नावाचा ज्वलनशील वायू त्यातून हळूहळू पहिल्या टाकीत येत राहिला. हवेत तो सुमारे २.६ टक्के झाला की ठिणगीची वाट पाहत बसतो.

परमिटवर सह्या करणाऱ्यांना त्या टाक्यांमधल्या प्रक्रियेचा धोका पुरेसा ठाऊक नव्हता. या टाक्यांमध्ये वायू पेटण्याइतका साठूच शकत नाही, असा कंपनीचा समजही होता. माझ्या मते हा समज त्या उघड्या पाइपाहून अधिक घातक होता, कारण त्यामुळे आत मीटर घालून बघण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

परमिटचं खरं काम इथे सुरू होतं. परमिट देणारा असतो त्या विभागाचा जबाबदार माणूस, ज्याला प्रत्येक पाइप कुठून येतो आणि कुठे जातो हे माहीत असतं. घेणारा असतो काम करवून घेणारा सुपरवायझर. दोघांनी मिळून जागेवर जायचं आणि तिथे उभं राहून कागद भरायचा. ऑफिसात बसून सही केलेल्या परमिटला काही अर्थ नाही. बफेलोच्या टाकीशी उभं राहून ‘हिला लागलेले सगळे पाइप मोजू या’ असं कुणी म्हटलं असतं, तर बोट फिरत फिरत त्या ओव्हरफ्लोच्या पाइपावर आलंच असतं.

पाइप सापडल्यावर पुढचा प्रश्न येतो तो बंद कसा करायचा. वॉल्व्ह फिरवून बंद करणं हे हॉट वर्कपुरतं बंद करणं नव्हे. वॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकतो, ती झिजते, आणि बाहेरून घट्ट दिसणारा वॉल्व्ह आतून थोडं थोडं सोडत राहतो. कारखान्यातली माणसं याला ‘वॉल्व्ह पास होतोय’ म्हणतात. म्हणून पाइपाचा जोड, म्हणजे फ्लँज, सैल करून त्यात लोखंडाची अखंड चकती घालतात. तिला ब्लाइंड म्हणतात. नाहीतर पाइपाचा तुकडाच काढून टाकतात आणि उघड्या तोंडांवर झाकणं बसवतात. कुठे कुठे ब्लाइंड घातली हे परमिटवर लिहावं लागतं, कारण काम संपल्यावर तितक्याच मोजून काढायच्या असतात. ओव्हरफ्लोच्या त्या पाइपात एक चकती असती तर आत वायू आला नसता.

आता मीटर. सामान्य वाचकाला इथे एक गोष्ट फसवते. मीटरच्या पडद्यावर दिसणारे टक्के हे हवेतल्या वायूचे टक्के नसतात. वायू पेटण्यासाठी हवेत त्याचं जे किमान प्रमाण लागतं त्याला एलईएल म्हणतात, आणि मीटर त्या किमान प्रमाणाचा किती हिस्सा झाला ते दाखवतो. पेट्रोलच्या वाफेची ही सीमा हवेत साधारण १.४ टक्के आहे. म्हणजे मीटर १० दाखवतो तेव्हा हवेत वाफ असते जेमतेम ०.१४ टक्के. अनेक ठिकाणी १० ला काम थांबवतात, पुष्कळ कारखाने तर शून्य दिसल्याशिवाय ठिणगी पाडू देत नाहीत. मला शून्यच योग्य वाटतं. जिथे काहीच नसायला हवं तिथे थोडं काही दिसत असेल, तर ते कुठून तरी येत आहे आणि वाढू शकतं.

मीटर कुठे धरला याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. पेट्रोल, थिनर यांची वाफ हवेहून जड असते, ती टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, गटारात बसते. म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी हवा तपासतात. मीटरच्याही मर्यादा आहेत. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मीटरमध्ये वायू एका तापलेल्या मण्यावर जळतो आणि त्यावरून आकडा निघतो. त्याला ऑक्सिजन लागतो. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल किंवा वायू अतिशय दाट असेल, तर काटा चढून पुन्हा खाली येतो आणि शून्यासारखं दिसतं. म्हणून आधी ऑक्सिजन किती आहे ते बघायचं, मगच वायूचा आकडा. दुसरी मर्यादा याहून फसवी आहे. डिझेल, जड तेल, टाकीच्या भिंतीवरच्या पापुद्र्याखाली अडकलेला गाळ यांची थंडीत फारशी वाफ होत नाही. मीटर प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. मग वेल्डिंगची उष्णता पत्र्यातून आत शिरते, गाळ तापतो आणि वाफ तेव्हा तयार होते. म्हणून टाकी नुसती रिकामी नव्हे, धुतलेली हवी, आणि मीटर कामाच्या जागी चालूच राहायला हवा. सकाळी आठला केलेली तपासणी अकरा वाजता काय आहे ते सांगत नाही. बफेलोत वायू काम चालू असतानाही येऊ शकत होता.

ठिणग्यांचा विचार अजून बाकी आहे. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात कामाच्या भोवती ३५ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर, हे अंतर धरलं आहे. त्या वर्तुळातलं पेटणारं सगळं हलवायचं, न हलणाऱ्यावर आगरोधक चादर घालायची, गटारांची तोंडं झाकायची. उंचावरून ठिणगी पडत असेल तर खालचा मजलाही त्यातच धरायचा. ग्राइंडरची ठिणगी डोळ्याला विझलेली वाटते, पण चिंध्या, भुसा, कापूस किंवा भिंतीतलं इन्सुलेशन तिला आत ओढून घेतं. ते फारसा धूर न काढता धुमसत राहतं. म्हणून फायर वॉचर ठेवतात. काम चालू असताना त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, हातात अग्निशामक नळकांडं आणि नजर ठिणग्यांवर. काम संपल्यावर त्याने तिथेच थांबायचं. अमेरिकेच्या मानकात हा वेळ पूर्वी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास केला. ठेकेदाराची माणसं चहाला जातात, साहेबांची शिफ्ट संपत येते, आणि तोच हा तास असतो.

परमिट एका जागेसाठी, एका कामासाठी आणि ठरलेल्या वेळेसाठी असतं. शिफ्ट बदलली, शेजारची टाकी चालू झाली, भोंगा वाजला किंवा मीटरने आवाज दिला, की ते संपलं. पुन्हा तपासणी, पुन्हा सह्या.

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ मध्ये हेच थोडक्यात लिहिलेलं होतं. ज्या टाकीत किंवा भांड्यात स्फोटक वा ज्वलनशील पदार्थ होता, तो आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय, किंवा ती पेटणार नाहीत अशी केल्याशिवाय, वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही. आणि काम झाल्यावरही धातू पुरेसा थंड होईपर्यंत तो पदार्थ पुन्हा आत सोडायचा नाही.

परमिट मोठ्या कारखान्यांत असतं. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये, भंगाराच्या दुकानात ते नसतं, पण तीच टाकी तिथे पिंपाच्या रूपात येते. २०० लिटरच्या पिंपातली हवा पेटण्याजोगी व्हायला चमचाभर पेट्रोल पुरतं, साधारण १५ मिलीलिटर. पिंप उलटं केलं तरी तेवढं कडेच्या शिवणीत राहतं. त्या पिंपाचं झाकण कापायला कुणी गॅस कटर लावतो, आणि तो पिंप रिकामा समजूनच लावतो.

तुमच्या दारात कुणी जुनं पिंप, थिनरचा डबा किंवा जनरेटरची टाकी कापायला, जोडायला आला, तर आधी तीन गोष्टी विचारा: यात काय होतं, ते धुतलं कशाने, आणि आतली हवा तपासली का. उत्तर मिळालं नाही तर काम करू देऊ नका. नवं पिंप विकत आणा.