पोहोच बारा हजार, फॉलोअर नऊ

समजा, घरगुती मसाल्यांच्या एका इन्स्टाग्राम पेजचा महिन्याचा अहवाल असा आहे: रीच १२,०००, व्ह्यूज १८,०००, फॉलोअर वाढले फक्त ९. रीच म्हणजे किती खात्यांना मजकूर दिसला आणि व्ह्यूज म्हणजे एकूण किती वेळा दिसला. म्हणजे प्रत्येकाला सरासरी दीड वेळा.

मग फॉलोअर का वाढले नाहीत? मधला आकडा पाहा. प्रोफाइल उघडली फक्त ६० जणांनी. त्यांतल्या १५ जणांनी फॉलो केलं. जुने ६ सोडून गेले, म्हणून निव्वळ वाढ ९. प्रोफाइलवर आलेल्या चौघांपैकी एक थांबतो, म्हणजे प्रोफाइल ठीक आहे. गळती त्याआधीच होते. रील अनोळखी लोकांपर्यंत पोहोचली, पण हे मसाले कोणाचे, ते तिच्यातून कळलं नाही. दुरुस्ती रीलमध्येच हवी.