कार्यस्थळावरील ताणाचे संपादकीय चित्र : मुख्य रूपकाची सुबोधता आणि नवता
(चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात)

प्रस्तावना

कथेसोबत छापले जाणारे चित्र कथेतील एखादा प्रसंग दाखविते. विचारप्रधान लेखासोबतच्या चित्रास ही सोय नसते, कारण तेथे प्रसंगच नसतो. 'नोकरीतील ताण' या विषयावरील लेखासाठी चित्रकाराने काय काढावे? ताण डोळ्यांना दिसत नाही. कपाळाला हात लावून बसलेला कर्मचारी काढला, तर तो ताणात आहे, आजारी आहे की त्याला झोप आली आहे, हे निश्चित होत नाही. म्हणून चित्रकार ताणाच्या जागी दुसरीच एखादी दृश्य वस्तू आणतो. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर उपमेय अदृश्य असते आणि उपमान तेवढे कागदावर उतरते.

अशा चित्राकडून संपादकाच्या दोन अपेक्षा असतात. पान उलटणाऱ्या वाचकाला ते तत्काळ कळावे आणि ते नवे वाटावे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. जे तत्काळ कळते ते बहुधा पूर्वी अनेकदा पाहिलेले असते. प्रस्तुत लेखात या पेचाचा विचार एका कल्पित उदाहरणाच्या आधारे केला आहे. चंद्रपूर येथून निघणाऱ्या एका पुरवणीत कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या ताणावर लेख यावयाचा असून त्यासाठी चित्रकाराने तीन कच्ची रेखाटने दिली आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

लक्षणेच्या तीन अटी

चित्ररूपकावर पाश्चात्त्य अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. चार्ल्स फोर्सव्हिल यांचा जाहिरातींतील चित्ररूपकांवरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि रेखाटनाच्या परीक्षणासाठी मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त मांडलेली लक्षणेची व्यवस्था अधिक हाताशी येणारी आहे. लक्षणा घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली मुख्यार्थबाध, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ तेथे अडला पाहिजे. दुसरी, सरळ अर्थाशी नव्या अर्थाचा काही संबंध असला पाहिजे. तिसरी, त्यामागे रूढी तरी असावी किंवा काही प्रयोजन तरी असावे. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही म्हणून 'तीरावर' हा अर्थ घेतला जातो आणि गंगेची शीतलता व पावित्र्य सूचित करणे हे त्याचे प्रयोजन ठरते. याउलट 'कुशल' या शब्दात कुश नावाचे गवत आज कोणाला दिसत नाही. तेथे केवळ रूढी उरली आहे.

चित्राच्या बाबतीत या तीन अटींचे तीन प्रश्न होतात. चित्रात सरळ अर्थ अडतो काय? अडल्यावर वाचक योग्य संबंधाकडेच वळतो काय? आणि तो वळतो तो केवळ सवयीने, की काही नवे कळून? पहिल्या दोन प्रश्नांतून सुबोधता आणि तिसऱ्यातून नवता मोजता येते.

परीक्षणाची रीत

परीक्षण संपादकाच्या टेबलावर पूर्ण आकारातील चित्र न्याहाळून होत नाही. रेखाटन ज्या आकारात छापले जाणार, त्या आकारापर्यंत (बहुधा एका स्तंभाच्या रुंदीइतके) लहान करून घ्यावे. लेख न वाचलेल्या आठ-दहा व्यक्तींना, मथळा झाकून, ते एकेकाला स्वतंत्रपणे दोन-तीन सेकंद दाखवावे व काढून घ्यावे. त्यानंतर प्रथम 'काय दिसले?' असे विचारावे आणि उत्तर मिळाल्यावरच 'चित्र कशाविषयी असावे?' असे विचारावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. 'समजले का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्यास बहुतेक लोक भिडेखातर 'हो' म्हणतात.

दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे कारण असे की, ओळखणे आणि अर्थ लावणे या भिन्न क्रिया आहेत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मेरी पॉटर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, केवळ १३ मिलिसेकंद दाखविलेल्या चित्रांतूनही सांगितलेले दृश्य लोकांना ओळखता येत असल्याचे आढळले. पण ते ओळखणे होते. वाघ दिसला म्हणजे वाघाचा अर्थ कळला असे नव्हे. वस्तूच ओळखू आली नसेल तर दोष रेखाटनाचा असतो व तो रेषा सुधारून जातो. वस्तू ओळखूनही विषय चुकला तर दोष रूपकाचा असतो. तेथे रेषा कितीही सुधारली तरी उपयोग नाही.

मथळ्यासह दुसरी फेरी नंतर घ्यावी. छायाचित्राचा सैल अर्थ शब्द कसे नांगरून ठेवतात, याचे विवेचन रोलाँ बार्थ यांनी १९६४ मधील निबंधात केले आहे. छापील पानावर मथळा असतोच, त्यामुळे मथळ्याविना विषय पूर्ण कळावा असा हट्ट धरणे योग्य नाही. मात्र चित्रातील वस्तूवरच 'ताण' असे लिहावे लागत असेल, तर रूपक चालत नाही याची ती कबुलीच होय.

नवतेची चाचणी चित्र दाखविण्यापूर्वी, वेगळ्या गटात घ्यावी. 'नोकरीतील ताण म्हटल्यावर कोणते चित्र डोळ्यांपुढे येते?' असे विचारून उत्तरांची यादी करावी. पुनःपुन्हा येणारी उत्तरे हीच रूढी.

पहिले रेखाटन : कुकर

पहिल्या रेखाटनात कर्मचाऱ्याच्या डोक्याच्या जागी शिटी देणारा कुकर आहे. सुबोधतेत ते सहज उत्तीर्ण होईल, परंतु 'कुशल' शब्दातील गवताप्रमाणे त्यातील कुकर आता कोणी पाहत नाही. हेच चित्र परीक्षेच्या, कर्जाच्या किंवा मुलीच्या लग्नाच्या लेखासोबतही चालले असते. डोक्यावरचे ओझे, तारेवरची कसरत, घाण्याला जुंपलेला बैल यांचेही तसेच आहे. मराठीतील 'ताण' हा शब्दच मुळात ओढण्याचा असल्याने दोन बाजूंनी ओढलेला माणूस चित्रकाराला चटकन सुचतो. पण वाक्प्रचार जसाच्या तसा काढणे म्हणजे केवळ लिप्यंतर करणे होय.

दुसरे रेखाटन : खुर्चीमागील वाघ

दुसऱ्या रेखाटनात संगणकापुढे बसलेल्या लिपिकाच्या खुर्चीमागे वाघ दबा धरून आहे. यामागे ताणाच्या शरीरशास्त्राची परंपरा आहे. संकटसमयी शरीर झुंजीसाठी किंवा पलायनासाठी सज्ज होते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात मांडले. तेव्हापासून हिंस्र श्वापद हे या विषयाचे ठरीव उदाहरण झाले. मुंबई-पुण्याच्या वाचकापुढे हे चित्र ठेवले तर कार्यालयात वाघ येत नाही, म्हणून सरळ अर्थ अडतो आणि वाचक लक्ष्यार्थाकडे वळतो.

चंद्रपुरात हा अडथळाच नाहीसा होतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गणनेसाठी पायी चिन्ह सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात कामावरून परतणाऱ्या कामगाराला वाघाने ठार केले. अशा जिल्ह्यात 'चित्र कशाविषयी?' या प्रश्नाचे संभाव्य उत्तर 'मानव-वन्यजीव संघर्ष' हे आहे, कार्यालयीन ताण नव्हे. मुख्यार्थबाध नाही, म्हणून लक्षणा नाही. शिवाय ज्या घरातील माणूस गेला, त्या घरात हे पान पोहोचते. साहेबाच्या बोलण्याची तुलना वाघाशी करणारे चित्र तेथे केवळ दुर्बोध राहत नाही, ते उथळही ठरते.

तिसरे रेखाटन : डोक्यामागचा मुखवटा

वाघ बहुधा पाठीमागून हल्ला करतो. म्हणून १९८६ च्या सुमारास सुंदरबनात जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागील बाजूस माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधण्यास देण्यात आले होते. तिसऱ्या रेखाटनातील कर्मचारी कार्यालयात टेबलावर वाकून काम करीत आहे आणि त्याच्या डोक्यामागे तसाच मुखवटा आहे. वाघ चित्रात कोठेही नाही.

येथे सरळ अर्थ खात्रीने अडतो. कार्यालयात असा मुखवटा कोणी बांधत नाही. संबंधही नेमका आहे, कारण कामापेक्षा पाठीमागून केव्हा, कोण विचारणा करील याची सततची सावधगिरी माणसाला थकविते. ताण हा शब्द ज्या अनेक अनुभवांना ढोबळपणे लावला जातो, त्यांतील एक अनुभव हे चित्र वेगळा काढून दाखविते. हेच त्याचे प्रयोजन. ते परीक्षेच्या किंवा कर्जाच्या लेखाला चालणार नाही.

तथापि त्यातही धोका आहे. कर्मचारी पाठमोरा काढला, तर मुखवटाच खरा चेहरा वाटतो. बाजूने काढला, तर एका डोक्याला दोन तोंडे दिसतात आणि मराठी वाचकाच्या मनात लगेच 'दुतोंडी माणूस' उभा राहतो. मग चित्र ताणाचे न राहता दुटप्पी सहकाऱ्याचे होते. हा दोष दोन सेकंदांच्या चाचणीतच उघड होतो, कारण मुखवट्याची हकिकत ठाऊक असलेल्या चित्रकाराला तो दिसतच नाही. उपाय रेषेत आहे. मुखवटा सपाट, कागदी व ओबडधोबड असावा, त्याची दोरी कानांवरून स्पष्ट दिसावी, त्याचे डोळे ताठ उघडे आणि खरे डोळे मिटू आलेले असावेत. मागे अधिकाऱ्याच्या दालनाचे दार किंचित उघडे दाखविले, तर पहारा कोणावर आहे हेही कळते. यापेक्षा अधिक भर घालू नये. दारात वाघाचे शेपूट काढण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्यास दुसऱ्या रेखाटनाचा दोष परत येतो. दुरुस्तीनंतर चाचणी नव्या व्यक्तींवर घ्यावी. एकदा उलगडा झालेल्या व्यक्तीस चित्र पुन्हा नवखे होऊ शकत नाही.

पुण्याच्या वाचकाला मुखवट्याचा संदर्भ ठाऊक नसण्याचा संभव अधिक. तेथे मथळ्याखालील एका ओळीची मदत लागेल. चंद्रपूरच्या पुरवणीसाठी निवडलेले चित्र अन्य आवृत्तीत जसेच्या तसे वापरण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे लागते.

लेख वनरक्षकांविषयी असेल तर

लेखाचा विषय वनरक्षकांचा ताण असल्यास तिसरे रेखाटनही निकामी होते, कारण त्यांच्या बाबतीत मुखवटा खराखुरा असू शकतो. तेथे उपमान जंगलातून घेता येत नाही, कार्यालयातून घ्यावे लागते. वनरक्षकाला नियतक्षेत्रातील गस्तीखेरीज गुन्ह्यांची नोंद, पंचनामे, नुकसानभरपाईची प्रकरणे यांचाही भार असतो. नोंदवहीच्या आखीव ओळींना वाघाचे पट्टे देण्याची कल्पना आकर्षक आहे. कपड्यांवरील नक्षीतूनच गोष्ट सांगण्याची ही युक्ती शि. द. फडणीस यांच्या मांजर-उंदरांच्या प्रसिद्ध मुखपृष्ठावर आहे. परंतु वनरक्षकाच्या वहीत वाघाची नोंद असतेच. वाचक ते चित्र व्याघ्रगणनेचे समजेल.

त्याऐवजी पाऊलवाटेवरील वनरक्षक आणि गवतात त्याच्यामागे दबा धरून वाजत असलेला मोबाइल असे रेखाटन अधिक टिकेल. गवतात दबा धरणारा दूरध्वनी सरळ अर्थाने संभवत नाही आणि वरिष्ठांच्या विचारणेशी त्याचा संबंध सहज जुळतो. मात्र चाचणीसाठीच्या आठ-दहा व्यक्तींमध्ये भामरागड-एटापल्लीकडील दोघे-तिघे असावेत. ज्या भागात रेंज मिळणे हीच अपूर्वाई, तेथील वाचकाला गवतात वाजणारा मोबाइल धोक्याचा वाटतो की सुवार्तेचा, हे त्यालाच विचारले पाहिजे.