गुणांशेजारचा शेरा

वहीत गुणही द्यावेत आणि शेराही लिहावा, म्हणजे दोन्ही फायदे मिळतील, असे आपण सहज धरून चालतो. इस्रायली मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी हे शाळेतल्या मुलांवर तपासले आणि 1988 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांना केवळ गुण मिळाले, काहींना केवळ त्यांच्या कामाविषयी शेरा, तर काहींना दोन्ही. पुढच्या फेरीत काम सुधारले ते केवळ शेरा मिळालेल्यांचे. दोन्ही मिळालेली मुले मात्र केवळ गुणवाल्यांसारखीच वागली. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. शेरा वाचायचा राहूनच जातो. हुशार मुलांची गोडी गुणांनीही टिकली, फटका बसला तो मागे पडणाऱ्यांना. प्रयोग थोड्या काळाचा होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

पण कोणताही शेरा चालत नाही. समजा, मुलीने 1/2 + 1/3 = 2/5 असे लिहिले. ‘लक्ष देऊन सोडव’ या शेऱ्याने तिला काहीच करता येत नाही. योग्य उत्तर लिहून दिले, तर ती ते उतरवून घेईल. त्याऐवजी ‘2/5 हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात भर घातल्यावर असे होईल का? आकृती काढून बघ’ असे लिहिले, तर विचार तिलाच करावा लागतो. मात्र त्यासाठी तासाची दहा मिनिटे राखून ठेवावी लागतात, आणि माझ्या मते गुण त्यानंतरच सांगावेत.