तर्काचे झाड आणि दोन अवस्थांचे यंत्र

(1 ∧ ¬0) ∨ (0 ∧ 1) ही राशी खरी की खोटी? इथे 1 म्हणजे खरे, 0 म्हणजे खोटे. ∧ म्हणजे ‘आणि’, ∨ म्हणजे ‘किंवा’, ¬ म्हणजे ‘नाही’. कागदावर आपण आतल्या कंसापासून सुरुवात करतो आणि बाहेर येतो. हेच काम एखाद्या यंत्राला सांगायचे, तर त्याला किती स्मरणशक्ती लागेल?

संगणकशास्त्रातले सगळ्यात साधे यंत्र म्हणजे सांत ऑटोमॅटन. ते अक्षरे एकेक करून डावीकडून उजवीकडे वाचते आणि स्वतःच्या मोजक्या अवस्थांपैकी एका अवस्थेत असते. त्यापलीकडे त्याला काहीच आठवत नाही. आपली राशी अक्षरांची ओळ म्हणून त्याच्यापुढे ठेवली, तर ते अडकते. कंस किती खोल जातील याला मर्यादा नाही आणि उघडलेले कंस लक्षात ठेवायला मोजक्या अवस्था पुरत नाहीत.

म्हणून राशी झाडासारखी मांडायची. संगणकशास्त्रातले झाड उलटे असते: मूळ वर, पाने खाली. मुळाशी ∨, त्याच्या खाली दोन ∧, आणि सगळ्यात खाली पानांवर 0 किंवा 1. कोणता कंस कुठे बंद होतो, ही माहिती आता झाडाच्या आकारातच आहे.

खालून वर जाणाऱ्या वृक्ष-ऑटोमॅटनला इथे दोनच अवस्था पुरतात: ‘खरे’ आणि ‘खोटे’. 1 या पानाला ‘खरे’ मिळते, 0 ला ‘खोटे’. ¬ खालची अवस्था उलटवतो. ∧ ला दोन्ही मुलांकडून ‘खरे’ आले तरच तो ‘खरे’ होतो. ∨ ला एकाकडून आले तरी चालते. पानांचे दोन, ¬ चे दोन, ∧ आणि ∨ चे प्रत्येकी चार, असे एकूण बारा नियम. मुळाशी ‘खरे’ आले तर झाड स्वीकारायचे.

आपल्या झाडात ¬0 ‘खरे’ होते. त्याच्या शेजारी 1 आहे, म्हणून डावा ∧ ‘खरे’. उजव्या ∧ ला ‘खोटे’ आणि ‘खरे’ मिळतात, म्हणून तो ‘खोटे’. मुळाशी ‘खरे’ किंवा ‘खोटे’, म्हणजे ‘खरे’, झाड स्वीकारले. झाड कितीही मोठे असले तरी नियम बाराच राहतात.

ओळ वाचणारे जुने यंत्र या नव्याचाच एक विशेष प्रकार आहे. 1101 ही ओळ एकच फांदी असलेले झाड समजा. तळाशी ‘सुरुवात’ नावाचे पान, त्यावर पहिले अक्षर, त्यावर दुसरे, असे वर जायचे. ओळीत 1 सम वेळा आला का, हे तपासायचे असेल तर पानाला ‘सम’ ही अवस्था द्यायची. प्रत्येक 1 ती पालटतो, 0 तशीच ठेवतो. 1101 मध्ये तीन वेळा 1 आहे, म्हणून शेवटी ‘विषम’ उरते आणि ओळ नाकारली जाते. ओळीत प्रत्येक पायरीला मागची एकच अवस्था हाती असते, झाडात दोन किंवा अधिक असू शकतात, फरक एवढाच. जेम्स थॅचर आणि जेसी राइट यांनी 1968 साली हा विस्तार सविस्तर मांडला.

एक गुण मात्र या विस्तारात हरवतो. ओळ कोणत्याही टोकाकडून वाचली तरी सांत ऑटोमॅटनची ताकद तीच राहते. झाडाचे तसे नाही. समजा, यंत्र मुळापासून खाली निघाले आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एकच ठरलेला नियम आहे. मुळाशी ∨ दिसल्यावर ते डावीकडे एक अवस्था पाठवते, उजवीकडे दुसरी. खाली काय आहे ते त्याने अजून पाहिलेले नाही. 0 ∨ 1 स्वीकारायचे तर डावीकडे 0 आणि उजवीकडे 1 चालले पाहिजे. 1 ∨ 0 स्वीकारायचे तर डावीकडे 1 आणि उजवीकडे 0 चालले पाहिजे. मग डावीकडे 0 आणि उजवीकडेही 0 चालतेच, आणि 0 ∨ 0 ही खोटी राशी स्वीकारली जाते. यंत्राला अंदाज करायची मुभा दिली, की ‘डावी बाजू खरी असेल’ असे धरून ते एक वाट निवडू शकते आणि अडचण सुटते. खालून वर जाणाऱ्या यंत्राला अंदाजाची गरजच नाही.

पानांवर x सारखी चले आली की दोन अवस्था पुरत नाहीत. x ∧ ¬x ही राशी कधी खरी होऊ शकते का, हे विचारले तर प्रत्येक उपराशीबद्दल दोन उत्तरे सोबत न्यावी लागतात: x शून्य असताना काय, आणि एक असताना काय. त्यामुळे अवस्था चार होतात. x ची जोडी ‘खोटे, खरे’. ¬x ची ‘खरे, खोटे’. ∧ नंतर उरते ‘खोटे, खोटे’, म्हणून नकार. दोन चलांना सोळा अवस्था लागतात, तीन चलांना 256. चलांच्या संख्येला मर्यादाच नसेल, तर कोणताही सांत साठा पुरणार नाही.