'मारले' आणि 'मारामारी झाली'

अनिलने सुनीलला मारले. अनिल आणि सुनील यांनी एकमेकांना मारले. अनिल आणि सुनील यांच्यात मारामारी झाली. एकाच प्रसंगाची वर्णने म्हणून ही तिन्ही वाक्ये आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र ती तीन वेगवेगळी विधाने आहेत. पहिल्या वाक्यात 'ने' आणि 'ला' हे दोन प्रत्यय चोख काम करतात. हात कुणाचा आणि पाठ कुणाची, याचा संशय उरत नाही. दुसऱ्या वाक्यात दोघेही कर्ते आहेत आणि दोघेही कर्म आहेत. तिसऱ्या वाक्यात तर मारणारा कुणी राहिलेलाच नाही. तिथे कर्ता 'मारामारी' ही आहे आणि क्रिया 'होण्याची' आहे. अनिल-सुनील 'यांच्यात' या शब्दाच्या आडोशाला जाऊन बसले आहेत. पाऊस झाला, तशी मारामारी झाली.

दोघांनी परस्परांवर क्रिया करावी, ही घटना प्रत्येक भाषेला कशी तरी बांधावी लागते. संस्कृत व्याकरणाने तिला 'कर्मव्यतिहार' असे नाव दिले, म्हणजे क्रियेची अदलाबदल. 'केशाकेशि', 'दण्डादण्डि' असे जोडशब्द त्यासाठीच आहेत. एकमेकांचे केस धरून किंवा एकमेकांवर काठ्या चालवून केलेली लढाई, असा त्यांचा अर्थ. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत हे काम क्रियापदातल्या एका लहानशा तुकड्याने होते. 'पिगा' म्हणजे मारणे आणि 'पिगाना' म्हणजे एकमेकांशी लढणे. मराठीत मुख्य शब्द 'एकमेक'. प्राकृतातल्या 'एक्कमेक्क'पासून तो आला. करमाळ्याकडे 'एकामेकाला' असा उच्चारही ऐकू येतो, पण काम तेच.

या शब्दाचा एक गुण असा आहे, की तो माणसांच्या संख्येनुसार सैल होत जातो. माणसे दोनच असतील तेव्हा तो अत्यंत कडक असतो. 'दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली' हे वाक्य खरे ठरायला दोन्ही बाजूंनी पत्र जावेच लागते. एकानेच लिहिले असेल, तर वाक्य खोटे. पण आता हे वाक्य पाहा: 'गावातली माणसे एकमेकांना ओळखतात.' यासाठी प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखण्याची गरज नाही. 'पोरे एकमेकांच्या मागे धावत गेली' या वाक्यात तर सर्वांत पुढच्या पोराच्या मागे धावणारा आहे, पण ते पोर स्वतः कुणाच्याच मागे नाही. तरीही वाक्य कुणाला खटकत नाही. भाषाशास्त्रात या सैल अर्थाचा बराच विचार झालेला आहे. आपल्याला त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे.

करमाळा तालुक्यातल्या एखाद्या गावात असे घडले, असे धरून चालू. मिरवणुकीच्या रात्री चाळीस माणसे काठ्या घेऊन वस्तीवर आली. दारे फोडली, माणसांना बाहेर ओढून मारले. एका पोराने पळता पळता एक धोंडा मागे भिरकावला. पाच माणसे जखमी झाली आणि पाचही वस्तीतली. दुसऱ्या दिवशी बातमी येते: 'दोन गटांत हाणामारी, पाच जखमी.' आत मजकूर असतो: 'दोन्ही गटांनी एकमेकांवर दगडफेक केली.' आता या वाक्याला व्याकरणाने खोटे ठरवता येईल का? येत नाही. धोंडा दोन्ही बाजूंनी फेकला गेला आहे. चाळीस आणि एक हा फरक 'एकमेक' या शब्दात मावत नाही. त्याला मोजता येत नाही, तो फक्त 'इकडून आणि तिकडून' एवढेच सांगतो. 'पाच जखमी' या शब्दांतही ती पाच माणसे कुठल्या बाजूची, याचा पत्ता नाही, कारण मागचे 'दोन गट' दोन्ही बाजूंना पुरतात. बातमीदाराने एकही खोटे विधान केलेले नाही आणि वाचकाला मात्र खोटे चित्र दिसते.

हे तपासायचे कसे? वाक्यातला 'एकमेक' फोडून त्याची दोन वाक्ये करावीत: 'यांनी त्यांना मारले' आणि 'त्यांनी यांना मारले.' मग प्रत्येक वाक्याला वेगळा पुरावा मागावा: किती जणांनी, कशाने, कुठे, कुणाला लागले. प्रसंग खरोखर दुतर्फा असेल, तर दोन्ही वाक्ये भरतात. नसेल, तर एक भरते आणि दुसऱ्यात जेमतेम एक धोंडा उरतो. जागेचा प्रश्नही इथेच सुटतो. 'यांच्यात' या शब्दाला जागा नसते. हल्ल्याला असते, कुणी तरी कुणाच्या तरी दारात गेलेले असते. अर्थात दोन वाक्ये केली म्हणजे सत्य आपल्याच बाजूचे निघेल, अशी हमी नाही. खरोखरीच्या हाणामाऱ्या होतात, वस्तीतल्या माणसांच्या आपसांतही होतात, आणि तिथे 'हाणामारी' हाच शब्द बरोबर असतो. निकाल पुराव्याने लागतो. व्याकरण फक्त पुरावा कुठे मागायचा ते दाखवते.

महाडचा प्रसंग या कसोटीवर घासून पाहावा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला. मंडपात आणि रस्त्यांवर माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू न देता शांत राहायला सांगितले. या घटनेला कुणी 'महाडची दंगल' म्हटले, तर फोडलेल्या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य रिकामे राहते. ते मुद्दाम, निर्धाराने रिकामे ठेवलेले होते. त्या दिवसाची नैतिक बाजू त्या रिकाम्या जागेतच आहे, आणि 'दंगल' हा शब्द नेमकी तीच जागा बुजवतो. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांनाही 'दंगल' हेच नाव चिकटले आणि आपणही ते बिनदिक्कत वापरतो.

याच्या उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक बोलका आहे. दोन जातींतल्या मुलामुलीचे एकमेकांवर प्रेम असते. इथे माणसे दोनच, म्हणून 'एकमेक' कडक अर्थाने खरा. पण घरच्यांच्या तक्रारीत वाक्य उतरते ते 'फूस लावून पळवून नेले' असे. मुलगा कर्ता झाला, मुलगी कर्म झाली. तिची इच्छा वाक्यातून गेली. करमाळा तालुक्यात चित्रित झालेला आणि तिथल्याच जेऊरच्या दिग्दर्शकाने केलेला 'सैराट' (२०१६) पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. जिथे व्यवहार दुतर्फा, तिथे वाक्य एकतर्फी होते. जिथे हल्ला एकतर्फी, तिथे वाक्य दुतर्फा.

'मारामारी' या शब्दाच्या साच्यातलाच आणखी एक शब्द आपल्या पूर्वजांना फार परिचयाचा होता: शिवाशिव. 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. स्पर्श ही स्वभावतःच परस्पर घटना आहे. माझा हात तुमच्या हाताला लागला, की तुमचा माझ्या हाताला लागलाच, यात निवड नाही. शब्दाची घडणही तशीच, दोनदा 'शिव'. पण अर्थ? विटाळ एकाच दिशेने जातो. शिवतात दोघे, बाटतो एकच, आणि दोष दुसऱ्याचा. पोरांच्या शिवणापाणीच्या खेळात निदान राज्य तरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. शिवाशिवीत ते कधीच बदलले नाही. 'परस्पर' या शब्दाची गतही पाहण्यासारखी आहे. मुळात तो 'एकमेकांना' या अर्थाचा, 'परस्परांचे सहकार्य' वगैरे. पण मराठीत 'जमीन परस्पर विकली' म्हटले, की अर्थ होतो ज्याचा हक्क त्याला न विचारता विकली. वतनाच्या जमिनींचे कागद शोधत हिंडलेल्यांना हा दुसरा अर्थच आधी आठवेल.

आता आत्मवाचकाकडे वळू. क्रिया करणाऱ्यावरच ती उलटते, तेव्हा मराठी 'स्वतः', 'आपण', 'आपला' हे शब्द वापरते. दामल्यांच्या १९११च्या व्याकरणातही 'आपण' आणि 'स्वतः' ही आत्मवाचक सर्वनामे आहेत. 'अनिलने सुनीलला आपले पुस्तक दिले' म्हटले, की पुस्तक अनिलचे. 'त्याचे' म्हटले, की दुसऱ्या कुणाचे. पण बोलण्यात याहून जोरकस साधन आहे ते 'घेणे' हे सहायक क्रियापद. 'तिला जाळले' आणि 'तिने जाळून घेतले' यांत फरक एका 'घेतले'चा. त्या एका शब्दाने सासर वाक्याबाहेर जाते आणि मेलेली बाई एकाच वेळी कर्ताही होते आणि कर्मही. स्पॅनिश भाषेत 'से मातारोन' या एकाच शब्दरचनेचे दोन अर्थ होतात, 'त्यांनी एकमेकांना मारले' आणि 'त्यांनी स्वतःला मारून घेतले'. तिथे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत, म्हणून मराठीत 'घेतले' लिहिणाऱ्याने काय लिहिले ते त्याला ठाऊक असते, असे धरायला हरकत नाही.

कायद्याच्या भाषेतही हीच दोन वळणे आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम १५९ मध्ये सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करण्याचा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. याला दोन बाजू लढाव्या लागतात. एक मारतो आणि दुसरा नुसता मार खातो, तिथे तो बसत नाही. याउलट १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे आणि ज्याच्यावर केले तो असला पाहिजे. तिथे कर्ता आणि कर्म यांच्या जागा अदलाबदल करता येत नाहीत. तेव्हा फिर्यादीत पहिल्याच ओळीत 'किरकोळ कारणावरून आमच्यात बाचाबाची होऊन' असे उतरले, की पुढची केस कुठल्या वाक्यरचनेवर उभी राहणार, हे तिथेच बरेचसे ठरते.

ही 'होऊन'ची ओळ बहुधा फिर्यादीची नसते. ती लिहून घेणाऱ्याची असते, कारण लिहिण्याची सवयच तशी पडलेली असते. फिर्यादी सांगतो, 'त्यांनी मला शिव्या दिल्या, जातीवरून बोलले, मी गप होतो.' कागदावर येते 'बाचाबाची'. पण दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवावी लागते, तिच्यावर फिर्यादीची सही घ्यावी लागते आणि प्रत विनामूल्य द्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये हे होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. वाचून दाखवताना सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने कान द्यावा तो 'आमच्यात', 'एकमेकांना', 'होऊन' या तीन शब्दांकडे. ते आले, की थांबवून विचारावे, 'यात कोण बोलला, आणि कुणाला?' आणि सही करण्याआधी ते वाक्य 'ने' आणि 'ला' घालून पुन्हा लिहून घ्यावे: अमक्याने मला ही शिवी दिली, तमक्याने माझ्या भावाला काठीने मारले, आम्ही उलट हात उचलला नाही. उचलला असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे, स्वतंत्र वाक्यात.