व्हिडिओ थांबवला की कडक, चालवला की झटके: शटर अँगलची गोष्ट

(हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटवरून सुचला. आपल्या एका श्रोत्याने भर दुपारी ढोल पथकाचा सराव फोनवर शूट केला. तो म्हणतो, "दादा, व्हिडिओ पॉज केला की प्रत्येक फ्रेम एकदम कडक दिसते. ध्वजाची शिवणसुद्धा मोजता येते. पण प्ले केलं की ध्वज तुटक तुटक उड्या मारत जातो. फोन हँग होतोय का?"

नाही, फोन ठणठणीत आहे. झालंय असं की प्रत्येक फ्रेम गरजेपेक्षा जास्त शार्प आलीये. आणि तीच खरी अडचण आहे.

आधी शब्द समजून घेऊ. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक गोल तबकडी फिरायची. तिचा अर्धा भाग कापलेला असायचा. कापलेला भाग समोर आला की फिल्मवर उजेड पडायचा, आणि भरीव भाग आला की अंधारात फिल्म पुढे सरकायची. एका फ्रेमला तबकडीचा एक फेरा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, त्यातलं अर्धं उघडं, म्हणून १८० अंश. हाच तो शटर अँगल. आपल्या फोनमध्ये तबकडी वगैरे काही नाही, पण हिशोब तोच राहिला: एका फ्रेमसाठी जेवढा वेळ मिळतो, त्यातला किती भाग सेन्सर उजेड घेतोय?

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १/२५ सेकंद येतो. त्याचा अर्धा म्हणजे १/५०. म्हणून २५ फ्रेमला १८० अंश म्हणजे शटर स्पीड १/५०. फोनच्या प्रो मोडमध्ये बहुतेक वेळा अंश दिसत नाहीत, शटर स्पीडच दिसतो. तेव्हा सूत्र लक्षात ठेवा:

शटर अँगल = ३६० × फ्रेम रेट × शटर स्पीड

आता त्या ध्वजाकडे येऊ. समजा फ्रेम १९२० पिक्सेल रुंद आहे आणि ध्वजाचं टोक अर्ध्या सेकंदात या कडेपासून त्या कडेपर्यंत जातं. म्हणजे प्रत्येक फ्रेमला ते साधारण १५४ पिक्सेल पुढे सरकतं. १/५० ला शटर त्यातला अर्धा वेळ उघडं असतं, म्हणून टोकाची ७७ पिक्सेल लांब पुसट रेघ उमटते. मग पुढचे ७७ पिक्सेल रिकामे, मग पुन्हा रेघ. ही पुसट रेघ म्हणजेच मोशन ब्लर. ती अर्धी फट भरून काढते, आणि डोळा उरलेलं जोडून घेतो.

श्रोत्याच्या फोनने काय केलं? कडक ऊन, लेन्स एफ १.८ वर, आयएसओ ५०. अशा उन्हात ऑटो मोड शटर साधारण १/४००० पर्यंत नेतो. सूत्रात टाका: ३६० × २५ ÷ ४०००, म्हणजे फक्त सव्वादोन अंश! ध्वजाची रेघ आता जेमतेम एक पिक्सेलची. एक कडक ध्वज, मग १५० पिक्सेलची मोकळी जागा, मग दुसरा कडक ध्वज. डोळ्याला दोन ठिकाणं दिसतात, मधला प्रवास दिसतच नाही. म्हणून झटके.

तुटक व्हिडिओ दिसला की आपण लगेच फ्रेम रेट वाढवायला जातो. ६० फ्रेमने फट कमी होते हे खरं, पण इथे मूळ कारण शटरचं आहे.

मग कमी अँगल चूक का? अजिबात नाही. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या १९९८ च्या सिनेमात सिनेमॅटोग्राफर यानुश कामिन्स्की यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईसाठी ४५ आणि ९० अंश वापरले. उडणारा मातीचा कण अन् कण वेगळा दिसतो, हालचाल तुटक वाटते, बघणारा अस्वस्थ होतो. त्यांना तेच हवं होतं. उलट ३६० अंशाच्या जवळ गेलात तर फट पूर्ण भरते, हालचाल लोण्यासारखी वाहते, पण ध्वजाची कड पुसली जाते. थोडक्यात, फ्रेमचा शार्पपणा आणि हालचालीचा सलगपणा एकमेकांच्या खिशातून पैसे काढतात. १८० हा दोघांमधला समझोता आहे.

आता उपाय. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलता येत नाही आणि आयएसओ आधीच तळाला आहे. उन्हात शटर नुसतं १/५० केलं तर चित्र पांढरंफटक होईल. म्हणून उजेडच कमी करायचा, म्हणजे लेन्सला गॉगल लावायचा. त्याला एनडी फिल्टर म्हणतात, फोनसाठी क्लिपवाले मिळतात. एनडी ६४ उजेडाचा ६४ वा भाग आत सोडतो. तेवढ्याच उन्हात १/४००० चं शटर आता साधारण १/६० वर येतं, म्हणजे २५ फ्रेमला जवळपास १५० अंश. १८० च्या एवढं जवळ पुरेसं आहे. ढग आले तर एनडी १६ किंवा ८ लावा. फिल्टर लावल्यावर शटर आणि आयएसओ हाताने लॉक करा, नाहीतर ऑटो मोड पुन्हा स्वतःच्या मनाचं करेल.

हॉलमध्ये, दिव्याखाली मात्र वेगळं गणित. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० मध्ये असे बरोबर दोन ठोके बसतात, १/१०० मध्ये एक. १/६० मध्ये अर्धवट ठोका येतो आणि व्हिडिओत पट्टे सरकतात किंवा उजेड थरथरतो. म्हणून ३० फ्रेमने शूट करत असाल तरी घरात १/५० च ठेवा. अँगल २१६ अंश होतो, काही बिघडत नाही.

एक सावधगिरी. चालत शूट करताना फोनचं स्टॅबिलायझेशन फ्रेम सरकवून चित्र स्थिर करतं, पण हात हलल्यामुळे आत उमटलेला ब्लर त्याला काढता येत नाही. मग मागची इमारत जागच्या जागी मधूनच पुसट होते. अशा वेळी ट्रायपॉड किंवा गिंबल वापरा, नाहीतर शटर १/१०० करा, म्हणजे ९० अंश.

शेवटी ओळखायचं कसं? व्हिडिओ पॉज करा. ध्वज आणि इमारत दोन्ही कडक, पण चालवल्यावर झटके: शटर फार जलद. दोन्ही पुसट: शटर हळू आणि हात हलला. इमारत कडक आणि फक्त ध्वज पुसट: जमलं!

त्या श्रोत्याला सांगितलंय, पुढच्या सरावाला हीच फ्रेम फिल्टर लावून पुन्हा घे. ध्वजाची शिवण या वेळी मोजता येणार नाही, पण ध्वज फडकताना दिसेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!